श्वसन : २०

माझी मावसबहीण वडोदऱ्यात नर्सिंगच्या विद्यार्थिनींना शिकवते. आमची दोघींची घरं याच शहरात, मराठी बोलत वाढलेली. तिचं काम रुग्णालयात चालतं, माझं गुजरातीतून मराठीत अनुवाद करण्याचं. एकमेकींच्या कामात आम्ही सहसा डोकावत नाही. पण गेल्या पावसाळ्यात ती एक वही घेऊन आली आणि म्हणाली, ‘‘ताई, तू शब्दांचं काम करतेस ना? मग हे वाच आणि सांग, मी हिला काय लिहायला सांगू?’’

ती वही तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीची होती. रिफ्लेक्टिव्ह जर्नल, म्हणजे चिंतनवही. वॉर्डातला एखादा प्रसंग निवडायचा, त्यात काय घडलं ते लिहायचं आणि त्यातून आपण काय शिकलो याचा शोध घ्यायचा, अशी अपेक्षा. या लेखनासाठी बहुतेक ठिकाणी ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ मध्ये मांडलेलं चक्र वापरतात. त्यात सहा पायऱ्या आहेत: वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि पुढची कृती. या मुलीची नोंद दोन पानांची होती आणि ती पहिल्या पायरीवरून हललीच नव्हती. समासात बहिणीचा लाल शेरा होता: ‘केवळ वर्णन. अधिक चिंतन करा.’

त्या मुलीच्या परवानगीने, आणि रुग्ण ओळखू येणार नाही इतके तपशील बदलून, ती नोंद इथे थोडक्यात सांगते. शस्त्रक्रियेचा वॉर्ड. साठीच्या आसपासचे एक गृहस्थ, आतड्याचा काही भाग काढून टोकं जोडलेली, ऑपरेशननंतरचा चौथा दिवस. मुलीची ड्यूटी दुपारी दोन ते रात्री आठ. दोन वाजता नाडी ९४, रक्तदाब ११८/७६, श्वसन २०. चार वाजता नाडी १०४, रक्तदाब ११०/७०, श्वसन २०. सहा वाजता नाडी ११२, रक्तदाब १०४/६८, ताप १०० फॅरनहाइट, ऑक्सिजन ९६ टक्के, श्वसन २०. रुग्ण बेचैन. नातेवाईक चिंतित, धीर दिला. सिस्टरना कळवलं. सांगितल्याप्रमाणे वेदनाशामक इंजेक्शन दिलं गेलं. आठ वाजता पाळी बदलताना डॉक्टर आले, त्यांनी श्वास मोजले, २८ भरले. रुग्णाला अतिदक्षता विभागात हलवलं. रात्री पुन्हा ऑपरेशन झालं, कारण आतड्याची जोडणी गळत होती.

शेऱ्यानंतर मुलीने नोंद पुन्हा लिहून आणली होती. वर्णन जसंच्या तसं. खाली तीन वाक्यं वाढली होती: मला फार वाईट वाटलं. रुग्णाचं निरीक्षण किती महत्त्वाचं असतं हे मला कळलं. यापुढे मी अधिक काळजी घेईन.

बहिणीची अडचण इथेच होती. ‘‘पहिल्या वेळी शिकणं दिसत नव्हतं म्हणून मी शेरा मारला,’’ ती म्हणाली. ‘‘आता शिकल्याचं वाक्य आलं, पण शिकणं अजून नाहीच. आता कोणत्या तोंडाने नापास करू? मी मागितलं तेच तिने दिलंय.’’

मला तो शेराच आधी खटकला. ‘अधिक चिंतन करा’ हे वाक्य अनुवादकाला ‘भाषांतर अधिक प्रवाही करा’ असं सांगण्यासारखं आहे. कुठे अडतंय ते सांगितलं नाही, तर अनुवादक चार विशेषणं बदलतो आणि मजकूर परत पाठवतो. या मुलीनेही तेच केलं. पण त्याही आधी प्रश्न असा की तिने फक्त वर्णनच का लिहिलं? आळसाने, असं मला वाटेना. ज्या मुलीने सहा तासांतले सगळे आकडे वेळेसह लिहिले, ती आळशी नव्हे.

बहिणीशी बोलताना कारण हळूहळू उलगडलं. पहिल्या वर्षापासून या मुलींना नर्सेस नोट्स लिहायला शिकवतात. त्या लेखनाचे नियम कडक असतात. जे पाहिलं, मोजलं, केलं तेवढंच लिहायचं. स्वतःचं मत लिहायचं नाही. अंदाज करायचा नाही. जे लिहिलं नाही ते केलंच नाही असं समजलं जाईल, म्हणून काही सोडायचंही नाही. त्या कागदावर ‘मी’ हा शब्द जवळजवळ येतच नाही. हे नियम योग्यच आहेत, कारण रात्रपाळीच्या सिस्टरला दिवसपाळीच्या सिस्टरचं मन नको असतं, आकडे हवे असतात. पण तीन वर्षं ज्या हाताला ‘मी’ गाळायला शिकवलं, त्याच हाताला आठवड्यातून एकदा वही देऊन आपण म्हणतो, आता ‘मी’ लिही. हात सवयीनेच चालणार. तिची नोंद म्हणजे थोडी लांब केलेली नर्सेस नोट होती, आणि त्या प्रकारात ती चांगली होती.

दुसरं कारण बहिणीने जरा थांबून सांगितलं. या वहीला गुण असतात. वही शिक्षक वाचतात, आणि ती आणखी कोण वाचेल हे मुलीला ठाऊक नसतं. रुग्णाचं बरंवाईट झालेल्या प्रसंगात ‘मी असं का केलं’ हे लिहिणं म्हणजे कबुलीजबाबच की काय, ही शंका तिच्या मनात येणं स्वाभाविक आहे. तेव्हा वर्णनापाशी थांबणं हा कधी कधी न कळण्याचा नव्हे, तर परिस्थिती नीट कळल्याचा पुरावा असतो. आपण कुठे उभे आहोत हे त्या मुलीने अचूक ओळखलेलं असतं.

मी नोंद पुन्हा वाचली, अनुवादासाठी आलेला मजकूर वाचावा तशी. अशा वाचनात मी अर्थापेक्षा आधी निवडी शोधते: लेखकाने इथे दुसरं काही करणं शक्य होतं, तरी हेच का केलं? दोन जागा मला दिसल्या. एक, ‘श्वसन २०’ तीनदा आलं होतं. नाडी १८ ने चढली, रक्तदाब १४ ने उतरला, माणूस बेचैन झाला आणि श्वास मात्र घड्याळासारखा वीसवर. दोन, ‘नातेवाईक चिंतित, धीर दिला’ हे चार शब्द. माणसं असं बोलत नाहीत. या चार शब्दांमागे कुणीतरी काहीतरी बोललेलं असणार आणि त्याचं कागदाच्या भाषेत भाषांतर झालेलं असणार. कोणतं वाक्य होतं ते?

बहीण पहिल्या जागेकडे बघतच राहिली. ‘‘हे मला दिसायला हवं होतं,’’ ती म्हणाली. मग तिने मला सांगितलं ते असं. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन हे त्या वॉर्डात यंत्र सांगतं. श्वास माणसाला मोजावा लागतो. पूर्ण एक मिनिट छातीची हालचाल बघायची, शक्यतो मनगटावर नाडीसाठी ठेवलेली बोटं न काढता, कारण आपले श्वास मोजले जाताहेत हे कळलं की माणूस वेगळा श्वास घेऊ लागतो. भरलेल्या वॉर्डात ते एक मिनिट सगळ्यात आधी गळतं. मोठ्या माणसाचा विश्रांतीतला श्वास साधारण १२ ते २० असतो, म्हणून वीस लिहिलं की कुणी विचारत नाही. आणि गंमत म्हणजे प्रकृती ढासळू लागली की बहुधा श्वासाचा वेगच लवकर वाढतो.

तिने कागदावर एक हिशेब मांडून दाखवला. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये सुधारलेली एक गुणपद्धत आहे, नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर. त्या वॉर्डात ती वापरत नाहीत, पण बहीण शिकवण्यासाठी वापरते. सहा वाजताच्या आकड्यांना गुण लावले तर नाडी ११२ ला दोन, वरचा रक्तदाब १०४ ला एक, ताप, ऑक्सिजन आणि शुद्ध यांना शून्य. श्वसन २० ला शून्य. बेरीज तीन. म्हणजे लक्ष ठेवा. आता श्वास २१ ते २४ मध्ये असता तर त्याला दोन गुण, बेरीज पाच; २५ किंवा जास्त असता तर तीन, बेरीज सहा. पाचपासून पुढे डॉक्टरने तातडीने येऊन पाहायला हवं. ‘‘म्हणजे सगळं त्या एका आकड्यावर टांगलेलं होतं,’’ ती म्हणाली, ‘‘आणि तो आकडा आपल्याकडे नाहीच. वीस होता, बावीस होता की अठ्ठावीस, हे आता कुणालाच कधी कळणार नाही.’’

दोन दिवसांनी तिने त्या मुलीला बोलावलं. मला नंतर सांगितलं त्यानुसार तिने ‘तू काय शिकलीस’ असं विचारलंच नाही. दार लावलं, वहीवर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘‘हे वीस तू कसे मोजलेस?’’

मुलगी बराच वेळ गप्प राहिली. मग गुजरातीत म्हणाली, ‘‘मॅडम, गणवानुं रही गयुं.’’

मोजायचं राहून गेलं. हे वाक्य ऐकल्यावर मला राहवेना, कारण ते आपल्या भाषांचं अगदी लाडकं वाक्य आहे. मराठीत ‘राहून गेलं’, गुजरातीत ‘रही गयुं’, हिंदीत ‘रह गया’. या वाक्यात कर्ताच नाही. मोजणं हेच जणू स्वतःहून मागे राहिलं, मी पुढे निघून आले. इंग्रजीत तिने लिहिलेल्या ‘दिलं गेलं’, ‘कळवण्यात आलं’ या कर्मणी वाक्यांचंच हे घरगुती रूप. मी यात तिला दोष देत नाही. ही सोय भाषेने सगळ्यांना दिली आहे, आणि ती पूर्ण खोटीही नाही: गोष्टी खरोखरच राहून जातात. पण विश्लेषण म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, ‘राहून गेलं’ या वाक्याला कर्ता शोधणं. आणि तो कर्ता दर वेळी ‘मी’च निघेल असं नाही, हे विसरून चालत नाही.

बहिणीने पुढचा प्रश्न तोच विचारला. तिघी-चौघींचं कुणाचं काय राहून गेलं? मग एकेक गोष्ट बाहेर आली. त्या दुपारी दोन विद्यार्थिनींकडे बावीस रुग्ण होते. वॉर्डातल्या तक्त्यावर आधीच्या पाळ्यांमध्येही सगळ्यांचं श्वसन १८ किंवा २० होतं, म्हणून वीस लिहिणं हे खोटं लिहिणं आहे असं तिच्या मनातही आलं नाही. ती वॉर्डाची रीत होती. सिस्टरना तिने कळवलं होतं, पण कोणत्या शब्दांत? ‘‘बारा नंबर बेचैन आहे.’’ चौथ्या दिवशी पोटाचं ऑपरेशन झालेला माणूस बेचैन असला तर दुखतच असणार, असं समजून सिस्टरने इंजेक्शन सांगितलं. ‘दोन तासांपूर्वी नाडी १०४ होती’ हे वाक्य सहा वाजताही जुळवता आलं असतं, निदान ‘चार तासांपूर्वी ९४, आता ११२, दाब उतरतोय, तुम्ही येऊन पाहाल का’ असं. तीन आकडे तिच्या हातातल्याच कागदावर होते. पण ते तीन वेगळ्या रकान्यांत होते. त्यांची एक ओळ करणं हे तिचं काम आहे, असं तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

आणि ते चार शब्द? रुग्णाची मुलगी पाच वाजता येऊन म्हणाली होती, ‘‘पप्पा आजे बराबर नथी लागता.’’ पप्पा आज नेहमीसारखे वाटत नाहीत. विद्यार्थिनीने तिला सांगितलं, काळजी करू नका. कागदावर तेच वाक्य ‘नातेवाईक चिंतित’ असं उतरलं. मुलीने वडिलांबद्दल केलेलं निरीक्षण भाषांतरात मुलीच्या स्वभावाचं वर्णन झालं. मी आयुष्यभर वाईट भाषांतरं पाहिली आहेत, थोडी केलीही आहेत, पण इतक्या कमी शब्दांत इतका मोठा अर्थ उलटलेला क्वचितच पाहिला. त्या वॉर्डात त्या माणसाला आयुष्यभराच्या परिचयातून ओळखणारं घरचं माणूस तेवढं एकच होतं, आणि तक्त्यात त्या ज्ञानाला रकाना नव्हता.

तिसऱ्यांदा मुलीने जे लिहून आणलं, ते दीड पानाचं होतं. त्यात ‘वाईट वाटलं’ नव्हतं. श्वास मोजला नव्हता हे होतं, तो का मोजला नव्हता हे होतं, आणि शेवटी चार गोष्टी होत्या. नाडी मागच्यापेक्षा दहाने वाढलेल्या कोणत्याही रुग्णाचे श्वास मी घड्याळ धरून एक मिनिट मोजीन. न मोजता आलं तर रकाना रिकामा ठेवीन. सिस्टरना सांगताना आधीचा आकडा आणि आताचा आकडा एकत्र सांगीन. घरची माणसं जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत, अवतरणात लिहीन.

हे खरं शिकणं आहे की पुन्हा शिक्षकाला हवं ते लिहून देणं? बहिणीने आणि मी त्यावर बराच वाद घातला. शेवटी आम्हाला दोन कसोट्या सापडल्या. पहिली, हे वाक्य उचलून दुसऱ्या एखाद्या प्रसंगाखाली चिकटवता येईल का? ‘निरीक्षण महत्त्वाचं असतं’ हे कुठल्याही पानाखाली चालतं. ‘रकाना रिकामा ठेवीन’ हे याच पानाखाली चालतं. दुसरी, वॉर्डात उभ्या असलेल्या परक्या माणसाला ते घडताना दिसेल का? काळजी दिसत नाही, घड्याळ दिसतं. शिवाय अशा वाक्याशी वाद घालता येतो. दहाच का, पंधरा का नाही? बावीस रुग्णांत किती मिनिटं जातील? ज्याच्याशी कुणी वादच घालू शकत नाही, ते वाक्य बहुधा काहीच सांगत नसतं.

आता त्या वहीपेक्षा मोठा प्रश्न, ज्यासाठी मी हे लिहायला बसले. मुलीने खरं सांगितलं. त्या खऱ्याचं शिक्षिकेने काय करायचं? एका रुग्णाच्या कागदपत्रांत तीन आकडे न मोजता लिहिले गेले, हे आता तिला ठाऊक आहे. ते ठाऊक व्हावं अशी व्यवस्था तिनेच केली. मुलीने शेवटपर्यंत वर्णनच लिहिलं असतं तर तिला गुण कमी पडले असते, पण ती सुरक्षित राहिली असती.

ब्रिटनमध्ये २०१८ साली हा प्रश्न फार मोठ्याने विचारला गेला. एका मुलाच्या मृत्यूबद्दल दोषी ठरलेल्या प्रशिक्षणार्थी डॉक्टरचं नाव नोंदणीतून काढण्यात आलं, तेव्हा तिच्या चिंतनाच्या नोंदीच तिच्याविरुद्ध वापरल्या गेल्या, असा समज डॉक्टरांमध्ये पसरला. त्या नोंदी ज्यूरीपुढे आल्या नव्हत्या, असा खुलासा नंतर झाला. पुढे तिचं नावही पुन्हा नोंदलं गेलं. पण तोपर्यंत अनेकांनी मोकळेपणाने लिहिणं थांबवलं होतं. भीतीला पुरावा लागत नाही, शक्यता पुरते.

माझी बहीण आधी वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरकडे गेली. मुलीचं नाव न घेता तिने एका आठवड्याचे तक्ते बघायला मागितले आणि फक्त श्वसनाचा रकाना वरून खाली वाचून दाखवला. अठरा, वीस, वीस, वीस, अठरा. पुढे काही बोलावं लागलं नाही. आता तिथे पाळीतल्या दोघींपैकी एकीकडे निदान दोन तासांतून एकदा श्वास मोजण्याचं काम आहे. ते किती दिवस टिकेल, सांगता येत नाही. रुग्ण बरे होऊन तीन आठवड्यांनी घरी गेले, म्हणून हे इतकं सोपं झालं, हेही खरं.

मी तिला विचारलं, ‘‘ते गेले असते तर?’’

ती लगेच बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘तर मी तो प्रश्न वहीत लिहिला नसता. दार लावूनही कदाचित विचारला नसता, आधी तिला सांगितलं असतं की उत्तर दिल्यावर मला ते पुढे कुणाला सांगावं लागेल.’’

मला वाटतं शिक्षकाचा अधिकार इथे संपतो. विद्यार्थिनीकडून कारणं मागायचा त्याला अधिकार आहे; भावना मागायचा नाही. म्हणूनच ‘वाईट वाटलं’ हे वाक्य नसल्याने तिसरी नोंद कमी पडली नाही. आणि ज्या उत्तराचं काय होईल हे तो स्वतः सांगू शकत नाही, ते उत्तर लेखी मागायचा त्याला अधिकार नाही. याचा अर्थ काही प्रसंगांत वही वर्णनापाशीच थांबेल, आणि थांबू द्यावी. शिकणं कागदाबाहेर, दोन माणसांत होईल.

बहिणीने त्या वर्षीचे लाल शेरे सगळे पुन्हा वाचले. ‘अधिक चिंतन करा’ असं एकोणीस वह्यांत लिहिलं होतं. ती म्हणाली, ‘‘बघ ना ताई, मीही न मोजता वीसच लिहीत होते.’’ आता ती प्रत्येक वहीत एकच ओळ शोधते, तिच्याखाली रेघ ओढते आणि समासात एक प्रश्न लिहिते, ज्याचं उत्तर त्या एका मुलीखेरीज कुणाला देता येणार नाही. एका वहीला तिला वीस मिनिटं लागतात. साठ वह्या आहेत. काही रात्री ते राहून जातं.